८०५१ चे टायमर मोड: एकच काम चारही मोडमधून करून दाखवा

प्रश्न: "८०५१ च्या टायमर मोडची तुलना करा, उदाहरणासह" असा प्रश्न होता. मी चारही मोडची व्याख्या लिहिली, टेबल काढलं, तरी सहापैकी तीनच मिळाले. बाईंनी शेजारी "रीलोड व्हॅल्यू?" एवढंच लिहिलंय. आणि मोड ० मध्ये मी `1E0CH` काढलं होतं, ते चूक दिलंय. कॅल्क्युलेटरवर तर बरोबर येतं. नेमकं काय लिहायला हवं होतं? (ऐरोली, डिप्लोमा, दुसरं वर्ष)

उत्तर:

तेरा बिट, सोळा बिट, आठ बिट ऑटो-रीलोड आणि स्प्लिट ही चार नावं टेबलात लिहिली की व्याख्यांचे गुण मिळतात आणि उत्तर तिथेच थांबतं. तुलना म्हणजे एकच काम चारही मोडना देऊन कुठे काय अडतं ते दाखवणं. मोजलेला आकडा सारखाच राहतो आणि रजिस्टरमध्ये भरायचा आकडा मात्र मोडप्रमाणे बदलतो. पेपर तपासणाऱ्याला हा बदल का होतो ते पाहायचं असतं. तुमचं `1E0CH` नेमकं याच ठिकाणी घसरलं आहे. गणित बरोबर आहे, आकडा रजिस्टरमध्ये बसवताना चूक झाली आहे.

मी इथे एकच काम घेतो: १२ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल आहे आणि `P1.0` वर १ किलोहर्ट्झची स्क्वेअर वेव्ह हवी आहे. पेपरात प्रश्नाने आकडे दिले नसतील तर तुम्हीही हेच घ्या. उत्तराच्या सुरुवातीलाच "क्रिस्टल १२ मेगाहर्ट्झ धरला आहे" असं लिहा, कारण पुढचा प्रत्येक आकडा त्या एका वाक्यावर उभा असतो.

मूळ ८०५१ मध्ये एक मशीन सायकल म्हणजे ऑसिलेटरचे १२ ठोके, म्हणून १२ मेगाहर्ट्झला टायमर दर मायक्रोसेकंदाला एकने पुढे सरकतो. (काही नव्या चिपमध्ये मशीन सायकल सहा किंवा एकाच ठोक्याची असते, पण पेपरात मूळ ८०५१ च धरायचा.) १ किलोहर्ट्झचा पूर्ण काळ १००० मायक्रोसेकंद. पण आपण प्रत्येक ओव्हरफ्लोला पिन उलटवतो, म्हणजे एका पूर्ण लहरीला दोन ओव्हरफ्लो लागतात आणि टायमरने फक्त ५०० मोजायचे असतात. इथे थेट १००० घेतले तर `FC18H` येतं. ते १ मिलिसेकंदाच्या डिलेसाठी अगदी बरोबर आहे, पण पिनवर १ किलोहर्ट्झऐवजी ५०० हर्ट्झ निघतात. अर्ध्या काळाची ही ओळ उत्तरात दिसलीच पाहिजे.

टायमर वरच्या दिशेने मोजतो आणि सगळे बिट एक असताना पुढचा ठोका आला की शून्यावर जाऊन `TF` फ्लॅग लावतो. म्हणून ५०० मोजायचे असतील तर टोकापासून ५०० मागे उभं राहायचं. वजाबाकी ६५५३५ मधून नाही, ६५५३६ मधून करायची, कारण शून्यावर जाणारा शेवटचा ठोकाही मोजला जातो.

मोड १ आधी घ्या, कारण तो सरळ आहे. `TH` आणि `TL` मिळून पूर्ण सोळा बिट होतात, त्यामुळे हेक्स आकडा मधोमध तोडला की काम झालं:

```
65536 - 500 = 65036 = FE0CH
TH0 = FEH, TL0 = 0CH
```

प्रोग्रॅम असा:

```
        MOV  TMOD,#01H
AGAIN:  MOV  TL0,#0CH
        MOV  TH0,#0FEH
        SETB TR0
WAIT:   JNB  TF0,WAIT
        CLR  TR0
        CLR  TF0
        CPL  P1.0
        SJMP AGAIN
```

यात `TL0` आणि `TH0` पुन्हा भरणाऱ्या दोन ओळी लूपच्या आत आहेत, बाहेर नाहीत. मोड १ मध्ये ओव्हरफ्लोनंतर टायमर शून्यावर असतो आणि आधी भरलेला आकडा तो कुठेही जपून ठेवत नाही. `AGAIN` हे लेबल चुकून `SETB TR0` वर दिलं, तर पहिली अर्धी लहर बरोबर येते आणि त्यानंतर प्रत्येक अर्धी लहर ६५.५ मिलिसेकंदांची होते. एलईडी लावलेला असेल तर तो डोळ्यांना दिसेल इतका सावकाश लुकलुकू लागतो. असा एलईडी दिसला की रीलोड लूपच्या बाहेर राहिला आहे हे ओळखावं.

आता मोड १ ची खरी मर्यादा. टायमर बंद करणं, फ्लॅग पुसणं, पिन उलटवणं, उडी मारणं, दोन आकडे भरणं आणि पुन्हा सुरू करणं यांत साधारण दहा मशीन सायकल जातात आणि `JNB` ला फ्लॅग दिसेपर्यंत एक-दोन आणखी. हा सगळा वेळ टायमर थांबलेला असतो. त्यामुळे अर्धा काळ ५०० ऐवजी सुमारे ५११ मायक्रोसेकंदांचा होतो आणि स्कोपवर १००० ऐवजी ९७८ हर्ट्झच्या आसपास दिसतात. लॅबमध्ये "माझं गणित बरोबर आहे पण फ्रिक्वेन्सी कमी येते" ही तक्रार बहुतेक वेळा एवढ्यावरूनच निघते. प्रत्यक्षात हे भरून काढायला आकड्यात तेवढेच ११ मिळवतात, म्हणजे `FE0CH` ऐवजी `FE17H` भरतात. पेपरात मात्र `FE0CH` च लिहा आणि खाली एक वाक्य जोडा: "सॉफ्टवेअर रीलोडचा वेळ धरलेला नाही." या एका वाक्यातून तुम्हाला मोड १ आणि मोड २ मधला फरक कळला आहे हे दिसतं.

आता तुमचा मोड ०. हा तेरा बिटांचा आहे, म्हणून वजाबाकी ८१९२ मधून, आणि `8192 - 500 = 7692`. कॅल्क्युलेटर याला `1E0CH` म्हणतो, इथपर्यंत तुम्ही बरोबर. पण तेरा बिट रजिस्टरमध्ये कसे विभागले आहेत ते पाहा. `TL` चे फक्त खालचे पाच बिट वापरले जातात आणि `TH` चे आठही. म्हणजे `TL` दर ३२ ठोक्यांनी `TH` ला एक हातचा देतो. हेक्स आकडा आपण आठ-आठ बिटांवर तोडतो, पण इथे तोडायची जागा पाचव्या बिटाजवळ आहे. सोपी रीत अशी की आकड्याला ३२ ने भागायचं, भागाकार `TH` मध्ये आणि बाकी `TL` मध्ये:

```
7692 / 32 = 240, remainder 12
TH0 = 240 = F0H, TL0 = 12 = 0CH
```

बायनरीत तपासायचं असेल तर ७६९२ म्हणजे `11110000 01100`. डावीकडचे आठ बिट `F0H`, उजवीकडचे पाच `0CH`. दोन्ही रीती जुळल्या की आकडा पक्का. पेपरात ही बायनरी ओळ जरूर लिहा. बिट कुठे तुटतात ते तपासणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं आणि समजावून सांगणारा परिच्छेद वाचतो.

तुमचे `TH0=1EH`, `TL0=0CH` खरोखर भरले तर काय होईल हेही काढून पाहा, कारण एकदा काढलं की ही चूक परत होत नाही. टायमरच्या दृष्टीने तो आकडा ३० गुणिले ३२ अधिक १२, म्हणजे ९७२. तिथून ८१९२ पर्यंत जायला ७२२० ठोके लागतात. अर्धा काळ ७.२२ मिलिसेकंद आणि पिनवर जेमतेम ६९ हर्ट्झ. असेंबलर याबद्दल काहीच बोलत नाही, कारण त्याच्या लेखी `1EH` हा तितकाच वैध बाइट आहे. पिनवर छोटा स्पीकर लावला तर १ किलोहर्ट्झच्या शिट्टीऐवजी खर्जातली घरघर ऐकू येते.

हा मोड असा विचित्र का, असं तोंडी परीक्षेत विचारतात. उत्तर छोटं आहे: ८०५१ च्या आधीच्या ८०४८ मध्ये आठ बिटांचा टायमर होता आणि त्याच्या मागे ३२ ने भागणारा प्रीस्केलर. त्या जुळणीसाठी मोड ० ठेवला आहे. मोड १ त्याच्या सगळ्या कामांना पुरतो, म्हणून नव्या डिझाइनमध्ये मोड ० निवडायला कारण उरत नाही. उत्तरात तसं स्पष्ट लिहायला हरकत नाही.

मोड २ मध्ये मोजणारं रजिस्टर एकटं `TL` असतं आणि `TH` आकडा जपून ठेवतं. ओव्हरफ्लो झाला की हार्डवेअर स्वतः `TH` मधला आकडा `TL` मध्ये उतरवतं आणि टायमर न थांबता पुढे जातो. पण आठ बिटांत जास्तीत जास्त २५६ ठोके मावतात आणि आपल्याला ५०० हवेत. इथे `256 - 500` करून ऋण आकडा आला की पुष्कळ जण गोंधळतात आणि उदाहरणच सोडून देतात. खरं तर इथेच तुलनेचा मुद्दा हातात येतो: हे काम मोड २ मध्ये एका ओव्हरफ्लोत होत नाही, दोन ओव्हरफ्लोत होतं. २५० चे दोन.

```
256 - 250 = 6
        MOV  TMOD,#02H
        MOV  TH0,#06H
        MOV  TL0,#06H
        SETB TR0
NEXT:   MOV  R2,#2
WAIT:   JNB  TF0,WAIT
        CLR  TF0
        DJNZ R2,WAIT
        CPL  P1.0
        SJMP NEXT
```

`TR0` एकदाच लावला आहे, `CLR TR0` कुठेच नाही आणि लूपमध्ये रीलोडही नाही. प्रोग्रॅम फ्लॅग बघायला एक-दोन सायकल उशिरा पोहोचला तरी टायमर त्याच्यासाठी थांबत नाही. त्यामुळे एखादी कड किंचित मागेपुढे होते, पण तो फरक पुढे साचत जात नाही आणि सरासरी फ्रिक्वेन्सी क्रिस्टलइतकीच अचूक राहते. मोड १ मधली ९७८ हर्ट्झची अडचण इथे मुळातच उद्भवत नाही.

मोड २ मध्ये एक बारीक चूक होते. सुरुवातीला फक्त `TH0` भरून `TL0` तसाच ठेवला, तर रीसेटनंतर तो शून्यापासून निघतो आणि पहिला ओव्हरफ्लो २५० ऐवजी २५६ ठोक्यांनी येतो. दुसऱ्यापासून सगळं बरोबर. सतत चालणाऱ्या लहरीत हे कुणाच्या लक्षातही येत नाही, पण एकदाच द्यायच्या पल्सची लांबी चुकते. म्हणून दोन्ही भरायची सवय ठेवा.

सिरियल पोर्टला बॉड रेट द्यायला टायमर १ मोड २ मध्ये का ठेवतात, हे आता वेगळं पाठ करावं लागत नाही: बॉड रेटला न चुकणारा, प्रोग्रॅमवर न विसंबणारा ठोका हवा असतो. ११.०५९२ मेगाहर्ट्झ आणि `SMOD=0` असताना `11059200 / (384 × 9600) = 3` असं पूर्ण तीन येतं, म्हणून `TH1 = 256 - 3 = FDH`. तेच १२ मेगाहर्ट्झवर ३.२५५ येतं. तीन घेतले तर ९६०० ऐवजी सुमारे १०४१७ बॉड निघतो, म्हणजे साडेआठ टक्के चूक, आणि टर्मिनलवर अक्षरांऐवजी कचरा येतो. किटवरचा क्रिस्टल ११.०५९२ चा का असतो ते या भागाकारातच आहे. पण त्याच किटवर आपली १ किलोहर्ट्झची लहर काढायची तर ५०० मायक्रोसेकंद म्हणजे ४६०.८ ठोके, जवळचे ४६१, आणि मोड १ चा आकडा `FE33H` होतो. वहीतला `FE0CH` किटवर तसाच भरून फ्रिक्वेन्सी आणखी चुकवू नका.

मोड ३ वर फार वेळ घालवू नका, पण तीन वाक्यं नेमकी लिहा. टायमर ० मोड ३ मध्ये टाकला की `TL0` आणि `TH0` हे दोन स्वतंत्र आठ-बिट टायमर होतात. `TL0` आपले नेहमीचे `TR0` आणि `TF0` वापरतो, तर `TH0` टायमर १ चे `TR1` आणि `TF1` ताब्यात घेतो आणि फक्त मशीन सायकल मोजतो, बाहेरचे पल्स मोजू शकत नाही. टायमर १ ला तेव्हा फ्लॅग उरत नाही, म्हणून त्याला इंटरप्ट न लागणारं काम द्यायचं, म्हणजे बहुधा बॉड रेट.

आपल्या कामासाठी `TL0` मध्ये `06H` भरायचं आणि मोड २ प्रमाणेच दोन ओव्हरफ्लो मोजायचे. फरक असा की इथे ऑटो-रीलोड नाही, `TH0` जपणुकीला मोकळं नाही, त्यामुळे `06H` दर वेळी प्रोग्रॅमनेच भरायचं आणि मोड १ सारखा उशीर सोसायचा. बदल्यात काय मिळालं? तिसरा टायमर. म्हणजे `TMOD=23H` ठेवून `TL0` लहरीसाठी, `TH0` मध्ये `9CH` भरून १०० मायक्रोसेकंदांचा दुसरा ठोका, आणि त्याच वेळी टायमर १ मोड २ मध्ये `TH1=F3H` घेऊन २४०० बॉड. १२ मेगाहर्ट्झवर तो २४०४ च्या आसपास येतो, जो सहज चालतो. `TH0` चा इंटरप्ट मात्र टायमर १ च्या पत्त्यावर, `001BH` वर जातो. `000BH` वर लिहिलेला कोड त्याच्यासाठी कधीच चालणार नाही. उलट टायमर १ लाच मोड ३ मध्ये टाकलं तर तो नुसता थांबतो आणि आपला आकडा धरून बसतो. हा प्रश्न तोंडी परीक्षेत नेहमी येतो.

`TMOD` बद्दल एकच गोष्ट. तो बिट-अॅड्रेसेबल नाही, वरचा निबल टायमर १ चा आणि खालचा टायमर ० चा. टायमर १ बॉड रेट देत असताना टायमर ० साठी `MOV TMOD,#02H` लिहिलं, तर टायमर १ गुपचूप मोड ० मध्ये जातो आणि सिरियल बिघडतं. चूक टायमर ० च्या ओळीत आणि लक्षण सिरियलमध्ये, त्यामुळे शोधायला वेळ लागतो. अशा वेळी:

```
ANL  TMOD,#0F0H
ORL  TMOD,#02H
```

आता हे पेपरात कसं बसवायचं ते गुणांवर अवलंबून आहे. ७० गुणांच्या तीन तासांच्या पेपरात सहा गुणांना साधारण पंधरा मिनिटं येतात. त्यात वरचं सगळं मावणार नाही, मावायची गरजही नाही. आधी क्रिस्टल, मशीन सायकल आणि ५०० ही तीन ओळींची मांडणी करा. मग टेबल काढा, पण त्यात व्याख्येचा रकाना लहान ठेवून जास्तीत जास्त ठोके, १२ मेगाहर्ट्झवरचा जास्तीत जास्त काळ (८.१९२ मिलिसेकंद, ६५.५३६ मिलिसेकंद, २५६ मायक्रोसेकंद), रीलोड कोण करतं, आणि आपल्या कामासाठीचे `TH` आणि `TL` असे रकाने करा. टेबलाखाली मोड ० ची ३२ ने भागणारी ओळ, कारण तिथेच गुण सुटतात. वेळ उरला तर मोड २ चा छोटा प्रोग्रॅम लिहा. मोड १ चा लिहून नुसता डिले दाखवण्यापेक्षा तो जास्त काही सांगतो.

चार गुणांना फक्त "मोड १ आणि मोड २ यांची तुलना" आली तर मोड ० आणि ३ ला हातही लावू नका. `FE0CH` आणि `06H` शेजारी शेजारी मांडा, पहिल्यात पल्ला मोठा पण रीलोड प्रोग्रॅमकडे, दुसऱ्यात पल्ला २५६ पुरता पण रीलोड हार्डवेअरकडे, हे लिहा, आणि दुसऱ्यात एकाऐवजी दोन ओव्हरफ्लो का लागले ते एका वाक्यात सांगा.

सरावाला याच क्रिस्टलवर २ किलोहर्ट्झ घ्या. अर्धा काळ २५० होतो, मोड १ ला `FF06H`, मोड ० ला `TH=F8H` आणि `TL=06H`, आणि मोड २ ला `06H`, तेही आता एकाच ओव्हरफ्लोत. मोड ० चा आकडा स्वतः ३२ ने भागून काढा आणि मगच हा ताडून पाहा.